उरलेले एकोणचाळीस अंश

आमच्या पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयात त्यांना शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे कंपासराव म्हणायचे. खरं नाव हजेरीपटात होतं, पण ते वाचायची वेळ फक्त हजेरी घेणाऱ्यावर यायची. खिडकीजवळचं तिरप्या फळीचं टेबल त्यांचं. त्यावर पत्र्याची एक जुनी कंपासपेटी, आठ पेन्सिली उंचीच्या क्रमाने लावलेल्या, आणि खोडरबराचा भुगा झाडायला दाढीचा एक निवृत्त ब्रश. त्यांच्या शेजारचं टेबल माझं. मी मुद्रितशोधक. लोक मला पाठीमागे ऱ्हस्वदीर्घबाई म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि ते बरोबरच आहे. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते.

कंपासराव एकोणिसाव्या वर्षी आकृत्या काढायला लागले आणि हे मी सांगते आहे ते त्यांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष. विज्ञानात ते शाळेत दोनदा नापास झालेले. हे ते स्वतःच सांगायचे, तेही नव्या माणसाला पहिल्याच भेटीत, म्हणजे नंतर कुणी सांगायला नको. पण त्या माणसाची एक खोड होती. कळल्याशिवाय ते रेघ ओढायचे नाहीत. हातपंपाची आकृती काढायची तर त्यांनी वसाहतीतला चालू पंप उघडला आणि दोन दिवस शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. बेडकाचं हृदय काढायला कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले, बाहेर येऊन ओकले, पुन्हा आत गेले आणि काढून आणलं. तिथले प्राध्यापक नंतर दर वर्षी तीच आकृती फळ्याजवळ टांगत. कुणी काढली ते त्यांनाही आठवत नसे.

कारण आकृत्यांखाली नाव नसतं. पुस्तकाच्या चौथ्या पानावर लेखक असतात, समिती असते, संपादक असतात, कागद कुठून आला तेसुद्धा असतं. आकृत्या मात्र जणू पावसाळ्यातल्या गवतासारख्या आपोआप उगवतात.

याचा सल कंपासरावांना एका ठरावीक दिवसापासून होता. त्यांची लेक सातवीत असताना वर्गात म्हणाली, ‘हे डोळ्याचं चित्र माझ्या बाबांनी काढलंय.’ मास्तरांनी पान चार उघडलं, नावं मोठ्याने वाचली आणि विचारलं, ‘यात तुझे बाबा कुठले?’ वर्ग हसला. पोर घरी येऊन जेवली नाही. दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून कंपासरावांना कळलं. आई तिची लवकर गेलेली, म्हणजे बापालाच समजूत घालायची होती. तो काय घालणार? ‘नाव लागतं कशाला,’ असं काहीतरी म्हणाला. पुढे लेक मोठी झाली, रसायनशास्त्र शिकली आणि उच्च माध्यमिक शाळेत शिकवायला लागली. आमचीच पुस्तकं शिकवायची तिला. गोष्ट दोघांनीही पुन्हा काढली नाही, पण कंपासरावांनी मला ती निदान पाच वेळा सांगितली असेल.

म्हणून त्यांच्या शेवटच्या वर्षी नवे संचालकसाहेब बैठकीत म्हणाले की यंदापासून चित्रकारांची नावंही पान चारवर छापू, तेव्हा कंपासराव उठून उभेच राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. संध्याकाळी बसस्टॉपवर मला म्हणाले, ‘बाई, अकरावीच्या रसायनशास्त्राला माझं नाव लागणार. लेकीच्याच वर्गाचं पुस्तक.’

‘मग पेढे कुठायत?’ मी म्हटलं.

‘आधी छापून येऊ दे. आपल्या कार्यालयाचं काही सांगता येत नाही,’ ते म्हणाले, आणि हसले. आता वाटतं, त्या दिवशी हसायला नको होतं.

त्या पुस्तकात रेणूंच्या आकारांचा एक धडा होता. पाठाखाली दोन आकृत्या शेजारी शेजारी हव्या होत्या, अमोनिया आणि पाणी. मिथेनच्या चेंडू-काड्यांच्या प्रतिकृतीचा फोटो जुन्या पुस्तकातून मागच्या पानावर आलाच होता. मजकूर मी शुद्धलेखनासह वाचला होता, समजला मात्र नव्हता. मिथेनमध्ये दोन बंधांमधला कोन साडेएकशेनऊ अंश, अमोनियात एकशेसात, पाण्यात साडेएकशेचार. का कमी होत जातो, तर एकाकी जोड्यांमुळे. बस. मला तेवढ्यावर भागलं असतं. कंपासरावांचं भागेना.

एका रविवारी ते लेकीकडे जाऊन बसले आणि सोमवारी सकाळी खिशात चार फुगे घेऊन आले. लेकीने समजावलं ते त्यांना मला समजावायचं होतं. एक फुगा मी फुगवला, तीन त्यांनी. चारही फुग्यांच्या गाठी एकत्र बांधून त्यांनी ते टेबलावर ठेवले. फुगे आपोआप एकमेकांपासून जितकं लांब जाता येईल तितकं गेले. एक वर, तीन खाली तीन दिशांना पाय रोवून.

‘हे बघा, मधला अणू म्हणजे ही गाठ. तिच्याभोवती इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या. प्रत्येकीला दुसरी नकोशी. चारही बंधांत गुंतलेल्या असल्या की कोन सगळे सारखे, साडेएकशेनऊ. हा मिथेन.’

‘कळलं.’

‘आता अमोनिया. जोड्या चारच, पण हायड्रोजन तीनच. म्हणजे तीन जोड्या बंधाच्या आणि एक रिकामी. बंधाच्या जोडीला दोन्ही बाजूंनी दोन अणू ओढून धरतात, म्हणून ती अंग चोरून बसते. या एकाकी जोडीला धरणारा अणू एकच. ती ऐसपैस पसरते.’ त्यांनी वरच्या फुग्याची गाठ सैल करून त्यात आणखी हवा भरली. खालचे तीन जरा जवळ सरकले. ‘बघा! अडीच अंश गेले. एकशेसात. आणि पाण्यात अशा दोन. आणखी अडीच गेले.’

‘ऐसपैस बसणारे दोन असले की बाकीच्यांनी आखडून बसायचं,’ मी म्हटलं. ‘आपल्या बैठकीसारखं.’

‘तसंच,’ ते म्हणाले. ‘पण बाई, मौज ही की आकाराला नाव देताना ती जोडी कुणी मोजतच नाही. फक्त अणू मोजतात. दिसत नाही ती जोडी, पण वाकवते तीच. ती काढली नाही तर चित्र खोटं. पोरांना वाटेल, तीन हायड्रोजन उगाच खाली मान घालून उभे आहेत.’

तेवढ्यात माझा फुगा फुटला आणि वरिष्ठ लिपिकांनी आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही दोघं साठीकडे झुकलेली माणसं टेबलाखाली काहीतरी शोधायला लागलो.

आकृती त्यांनी नऊ दिवस काढली. पाणी सोपं होतं. तीन अणू कसेही धरले तरी एका सपाटीत येतात, म्हणून कागदावर कोन खरा उतरतो. त्यांनी साडेएकशेचार अंश अर्ध्या अंशासकट आखले आणि प्राणवायूच्या माथ्यावर दोन एकाकी जोड्या थेंबासारख्या काढल्या, एक पुढे आलेली, एक मागे गेलेली, प्रत्येकीत दोन ठिपके. अमोनियाला मात्र त्यांचा घाम निघाला. तो बसका पिरॅमिड, कागद सपाट. एक बंध साध्या रेघेने कागदातच ठेवला, एक भरीव पाचरीने वाचणाऱ्याकडे आणला, एक तुटक रेघांनी मागे नेला. वर नत्राच्या डोक्यावर एक गुबगुबीत थेंब. पाहिलं की खरंच वाटायचं, वरून कुणीतरी दाबतंय आणि खालचे तिघं एकमेकांकडे सरकताहेत. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा रसायनशास्त्रातलं काहीतरी बघूनच कळलं.

मग आकृती समितीची बैठक आली. समितीचे अध्यक्ष भूमितीवाले सर. तीस वर्षं भूमिती शिकवलेली, करारी, वेळेचे पक्के. मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही, म्हणायला आवडलं असतं. भूमितीच्या पुस्तकात साठ अंश लिहून अठ्ठावन्नची आकृती छापली तर ते छपाई थांबवायचे, आणि ते योग्यच होतं. त्यांच्या पिशवीत फळ्यावरचा लाकडी कोनमापक नेहमी असायचा. रसायनवाल्या मॅडम पाय मोडून घरी पडल्या होत्या. त्यांनी कच्चा आराखडा पाहून सही केली होती, पण बैठकीला त्या नव्हत्या. मी मजकुराच्या बाजूने टिपणं घ्यायला बसले होते.

भूमितीवाल्या सरांनी आधी पाण्यावर कोनमापक ठेवला. बारकाईने पाहिलं. ‘साडेएकशेचार. वा! याला म्हणतात काम.’

कंपासरावांची मान ताठ झाली.

मग त्यांनी तोच कोनमापक अमोनियावर ठेवला. एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. ‘इथे बासष्ट येतात. इथे पंचावन्न. आणि शेजारी छापताय एकशेसात?’

‘सर, तो कोन कागदावर नाही,’ कंपासराव म्हणाले. ‘ही रेघ तुमच्याकडे येते आहे, ही मागे जाते आहे. कोन हवेत आहे. वरून मोजला तर येणार नाही.’

‘पाण्याचा कसा आला मग?’

‘पाणी सपाट आहे.’

‘म्हणजे एकाच पानावर एक आकृती मोजायची आणि शेजारची मोजायची नाही? पोराने कोनमापक लावला तर त्याने काय समजायचं?’

हा प्रश्न ऐकायला इतका रास्त होता की सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. कंपासरावांनी खिशातून फुगे काढले. चार होते, आता तीनच उरले होते. कुणीतरी खुदकन हसलं. ते पाहून त्यांनी ते परत खिशात ठेवले. मी हात वर करून म्हणू शकले असते की बांधू द्या त्यांना फुगे, दोन मिनिटांत कळतं, मला कळलं तर सगळ्यांना कळेल. मी टिपण घेत राहिले.

‘सोपं आहे,’ सर म्हणाले. ‘तिन्ही रेषा कागदातच काढा. प्रत्येक दोहोंमध्ये एकशेसात.’

कंपासरावांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने गुणाकार केला. मग अगदी नम्रपणे म्हणाले, ‘सर, एकशेसात गुणिले तीन म्हणजे तीनशे एकवीस. एका बिंदूभोवती तीनशे साठ अंश असतात. उरलेले एकोणचाळीस कुठे ठेवू?’

भूमितीच्या माणसाला भूमितीतच पकडलं होतं. दुसरा कुणी असता तर हसून म्हणाला असता, खरं बुवा. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोलीत सगळ्यांनी आपापल्या कागदात डोकं घातलं.

‘तेरा तेरा वाटून टाका,’ सर म्हणाले.

‘मग ते एकशेवीस झाले.’

‘आकडा गाळा. पाठात आहेच. आणि हा वरचा थेंब, टोपीसारखा. तीन रेषांच्या मधे त्याला जागा उरत नाही. तोही काढून टाका.’

‘सर, तो थेंब नसला तर अमोनिया एकशेसातला येईलच कशाला? सपाट, एकशेवीसचा आकार म्हणजे बोरॉन ट्रायफ्लोराइड. त्याच्यात मधल्या अणूवर एकाकी जोडी नसते. हे वेगळंच द्रव्य होतंय.’

‘तुम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर आहात का?’

‘नाही. मी शाळेतच नापास—’

‘मग झालं तर.’

कंपासराव म्हणाले, ‘मी ही आकृती काढणार नाही.’ आवाज चढवला नाही. पेटी मिटली, सरांना नमस्कार केला आणि बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, फार झालं म्हाताऱ्याचं. मला वाटलं, शाब्बास. वाटलं फक्त.

त्यांनी संचालकांना टिपणी लिहिली, की रसायनवाल्या मॅडम येईपर्यंत आकृती थांबवावी. साहेब म्हणाले, ‘बघू.’ कंपासरावांच्या पिढीला ‘बघू’ म्हणजे अर्धं हो वाटतं. ते निश्चिंत झाले. इकडे संगणक विभागाला सरांचा आदेश गेला आणि दहा मिनिटांत नवा अमोनिया तयार झाला. तीन सरळ रेघा, एकशेवीस-एकशेवीस-एकशेवीस. पंख्याची तीन पाती म्हणा हवं तर. शेजारी कंपासरावांचं पाणी, दोन जोड्यांसकट, जसंच्या तसं.

ते पान शेवटच्या प्रुफाला माझ्या टेबलावर आलं तेव्हा कंपासराव आठ दिवसांच्या रजेवर होते, निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी. आता मी जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाठातलं वाक्य होतं, ‘आकृतीत दाखवलेली एकाकी जोडी बंधांना दूर रेटते, त्यामुळे अमोनियातील बंधकोन कमी होतो.’ आकृतीत एकाकी जोडी नव्हती. मजकूर आणि चित्र जुळतं की नाही हे पाहणं माझंच काम आहे, त्याला रसायनशास्त्र लागत नाही, डोळे लागतात. मी समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं. मॅडमचा घरचा नंबर माझ्या वहीत होता. एक फोन. पण त्याच महिन्यात ‘अनावश्यक शंका काढून कामास विलंब’ असा शेरा माझ्या फायलीवर बसला होता, आणि सर दारात उभे राहून विचारत होते, ‘झालं का बाई? छापखान्याची गाडी खाली थांबलीय.’

मी प्रश्नचिन्ह खोडलं. कंपासरावांच्याच खोडरबराने, तो हाताशी होता. भुगा झाडला. ‘तपासले’चा शिक्का मारला आणि खाली सही केली. भित्री होते, दुसरं काही नाही.

पुस्तकाचे गठ्ठे आले त्या दिवशी कंपासराव लवकर आले होते. त्यांनी वरची प्रत उचलली, वास घेतला आणि पान चार उघडलं. ‘आकृत्या’ या शब्दाखाली त्यांचं नाव होतं, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. बाकी कुणाचं नाही, एकट्याचं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, शाई ओली नाही ना पाहिल्यासारखं. ‘बाई, बघा,’ म्हणाले. डोळे भरले होते. मी पाहिलं. मला ठाऊक होतं पुढे काय आहे आणि मी म्हटलं, ‘छान दिसतंय हो.’

ती प्रत घेऊन ते तसेच लेकीकडे गेले. अमोनियाचं पान उघडून पाहिलं नाही, कारण साहेबांच्या ‘बघू’वर भरवसा होता आणि आपल्या आकृत्या त्यांना पाठ होत्या. लेकीनेही आधी पान चारच पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सत्तर मुलांना तिने ते उघडायला लावलं. ‘हे माझे बाबा,’ म्हणाली. सातवीतलं ऋण फिटलं तिचं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दोन महिन्यांनी ती रेणूंच्या आकाराच्या धड्यावर आली.

फोन आमच्या खोलीतच आला, म्हणून मी एका बाजूचं सगळं ऐकलं. ‘अगं, काय झालं?... कुठलं पान?... नाही गं, थेंब आहे त्याच्यावर... आहे म्हणतो ना.’ मग त्यांनी फोन धरूनच कपाटातलं पुस्तक ओढलं आणि पान काढलं. पलीकडून लेकीचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता, ‘बाबा, तुम्हीच फुगे बांधून बसला होतात ना माझ्याकडे? मग हे असं कसं काढलंत?’

‘मी नाही काढलं,’ हे तीन शब्द होते. ते म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘माझं नाव आहे त्याच्यावर. माझंच आहे.’ आणि फोन ठेवला.

मला वाटलं ते आता ओरडतील, निदान मला विचारतील. त्यांनी शेवटचं प्रूफ मागवलं. शिक्का पाहिला, सही पाहिली. समासातलं खोडलेलं प्रश्नचिन्हही पाहिलं असणार. आयुष्यभर खोडलेल्या रेघा वाचलेला माणूस तो. कागद उजेडाकडे जरा तिरपा धरला आणि माझ्यापुढे ठेवला. ‘खोडताना दाब कमी द्यावा, बाई,’ एवढंच म्हणाले. ‘वळ राहतो.’

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी संचालकांना पत्र लिहिलं. दोनच ओळींचं, मी ते पाहिलं आहे. अमोनियाची आकृती चुकीची आहे, ती बदलून द्यावी. बदलणं शक्य नसेल तर चौथ्या पानावरचं माझं नाव काढावं. रसायनवाल्या मॅडम तोवर काठी टेकत यायला लागल्या होत्या. पान पाहून त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, आकृती बदललीच पाहिजे. पण आकृती बदलायची तर समिती पुन्हा बोलवायची, म्हणजे भूमितीवाल्या सरांनी चूक झाली असं लिहून द्यायचं. सर म्हणाले, आकृतीत आकडाच नाही तर चूक कुठली? साहेबांनी डोकं खाजवलं आणि पत्रातल्या दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली. ‘हे करता येईल. त्यांचीच विनंती आहे.’

आमच्याकडे छापून झालेल्या पुस्तकाचं शुद्धिपत्रक निघतं. ते सगळ्या शाळांना जातं, आणि रीत अशी की विषयशिक्षकाने ते वर्गात मोठ्याने वाचायचं व मुलांनी आपापल्या पुस्तकात पेनाने दुरुस्ती करायची. त्यात चार ओळी होत्या. तीन काना-मात्रांच्या. चौथी अशी: ‘पान चार, आकृत्या या शीर्षकाखालील नाव वगळावे.’ ‘नाव’ म्हणजे तिथे त्यांचं अख्खं नाव छापलेलं, आणि पुढे वगळावे. प्रूफ अर्थातच माझ्याकडे आलं. अक्षरजुळणी करणाऱ्याने त्यांच्या आडनावात दीर्घ ठेवायचा तिथे ऱ्हस्व ठेवला होता. मी दुरुस्त केला. खोडायचं नाव निदान शुद्ध असावं.

कंपासरावांचा शेवटचा दिवस त्यानंतर सहा आठवड्यांनी आला. निरोपाला भाषणं झाली. भूमितीवाले सर म्हणाले, यांच्या रेषेला तोड नाही, आणि ते मनापासून म्हणाले. साहेबांनी शाल दिली. कंपासरावांनी आठ पेन्सिली मला दिल्या. पेटी स्वतःकडे ठेवली. खोडरबर टेबलावरच राहिला, कुणी त्याला हात लावला नाही.

मी त्यांच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत गेले. मला माफी मागायची होती. तिच्याऐवजी विचारलं, ‘लेक कशी आहे?’

‘बरी आहे. परवा वर्गात शुद्धिपत्रक वाचलं तिने.’

‘तिनेच?’

‘मग कोण वाचणार? विषयशिक्षक तीच.’ शालीची घडी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. ‘तीन ओळी वाचल्या. चौथीला थांबली म्हणे. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे तर तुमचे बाबा ना? मग तिने ती ओळही वाचली. वाचायचीच असते.’

‘आणि अमोनिया?’

‘तो फळ्यावर काढला तिने. थेंबासकट. पण परीक्षेला पुस्तक धरतात, म्हणाली.’

बस लांबून दिसायला लागली. मला गप्प बसायला हवं होतं, पण तोंडून गेलंच, ‘मुलांनी खोडलं का नाव?’

‘खोडलं की. सत्तरच्या सत्तर जणांनी,’ कंपासराव म्हणाले. ‘पट्टी लावून.’